लिटरचं ओआरएस पाकीट पेल्यात कालवलं, आता काय करावं?

खडीसाखर (शनिवार, रात्री 8:50)

पुतणीला कालपासून जुलाब होताहेत. वय 14 महिने. गेल्या महिन्यात अंगणवाडीत वजन केलं तेव्हा बरोब्बर 9 किलो भरलं होतं. आज दुपारपासून सात-आठ वेळा पाण्यासारखी शी झाली, दोनदा उलटी. रक्त नाही, ताप अंगाला लागतोय पण फार नाही. आशाताईंनी दिलेलं ओआरएसचं पाकीट घरात होतं. आजीने ते अख्खं पाकीट स्टीलच्या पेल्यात कालवलं आणि वाटी-चमच्याने पाजायला घेतलं. पोरीने तीन-चार चमचे घेतले, मग तोंड वाकडं करून थुंकायला लागली. वहिनी म्हणते औषध आहे, पाजलंच पाहिजे. आजी म्हणते घट्ट केलं तर लवकर गुण येईल. मी पाकीट उलटून बघितलं तर त्यावर 1 लिटर पाण्यात असं छापलंय.

तीन प्रश्न आहेत. जे पोटात गेलं त्याने काही होईल का? नीट कालवायचं कसं? आणि अंगातलं पाणी कमी झालंय हे घरच्या घरी कसं ओळखायचं? गाव तालुक्यापासून 14 किलोमीटरवर आहे, भावाकडे मोटारसायकल आहे.

मिरची_भजी (रात्री 8:58)

घाबरू नका. तीन-चार चमच्यांनी काही होत नाही. उरलेलं पाणी घालून पातळ करा आणि द्या. आमच्याकडे तर ओआरएस नसलं की ग्लुकोजची पावडर देतो, तीच गोष्ट आहे. शेवटी ताकद साखरेनेच येते. किंवा मेडिकलमधून संत्र्याच्या चवीचा तयार डबा आणा, मुलं आवडीने पितात.

कृष्णाकाठ (रात्री 9:04)

खडीसाखर, तो पेला आधी मोरीत ओता. पातळ करून वापरू नका, कारण त्यात आता नक्की किती उरलंय आणि किती पाणी घालायचं हे कुणालाच सांगता येणार नाही. तीन-चार चमचे गेले आणि बाकीचं तिने थुंकलं, तर तेवढ्याने काही बिघडणार नाही. पोरीने आजीपेक्षा जास्त शहाणपणा दाखवला म्हणायचं.

बालरोगाचं काम करतो म्हणून हे जरा विस्ताराने लिहितो. लिटरच्या पाकिटात सुमारे साडेवीस ग्रॅम पावडर असते. त्यात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, बाकीचे 7 ग्रॅम वेगवेगळे क्षार. ते लिटरभर पाण्यात गेले तर ठीक. पण 200 मिलीच्या पेल्यात गेले की पाचपट झाले, म्हणजे लिटरमागे 35 ग्रॅम. समुद्राच्या पाण्यातही लिटरला साधारण तेवढेच क्षार असतात. असं पाणी बाळाने पोटभर प्यालं तर रक्तातलं सोडियम चढतं. मग बाळ फार तहानलेलं होतं, किरकिरं होतं, पुढे गुंगतं, झटकेही येऊ शकतात. यातली खरी अडचण अशी की तहान आणि किरकिर बघून घरच्यांना वाटतं, पाणी कमी पडलंय, आणि ते तोच पेला आणखी पाजतात.

आता मला एवढं सांगा. पोरीला चमचा दाखवला की ती झडप घालते का? डोळे रोजच्यापेक्षा आत गेलेत असं आईला वाटतं का? शेवटची लघवी कधी झाली?

खडीसाखर (रात्री 9:11)

पेला ओतला. वहिनी म्हणते डोळे खोल दिसताहेत, डोळ्यांखाली काळपट. साधं पाणी दिलं तर वाटी दोन्ही हातांनी धरून ठेवते, काढली की रडते. लघवीचं सांगता येत नाही, लंगोट सगळा शीनेच भिजलेला असतो.

आशा_सुपली (रात्री 9:15)

मी स्वतः आशा आहे. दादा, ती पाकिटं आम्ही जुलाबाच्या मोहिमेत पाच वर्षांखालची मुलं असलेल्या घरोघरी देतो आणि देताना सांगतोही, पण सांगितलेलं सुनेच्या कानावर पडतं आणि कालवायला आजी बसते. हे दर वर्षी होतं. मेडिकलमध्ये लहान पाकीट मिळतं, 200 मिलीचं, चार-सव्वाचार ग्रॅमचं. ते एका पेल्यातच कालवायचं असतं. ज्याने ते बघितलंय त्याला वाटतं सगळीच पाकिटं पेल्याची. उलटंही होतं. लहान पाकीट अख्ख्या तांब्यात टाकतात, मग ते पाणी नुसतं नावाला ओआरएस.

पाणी मोजायला तांब्यावर भरवसा ठेवू नका, एक तांब्या पाऊण लिटरचा असतो, दुसरा सव्वा लिटरचा. विकतच्या पाण्याची लिटरची रिकामी बाटली धुऊन घ्या. बाटली नसेल तर अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी धुऊन दोनदा भरा, पण काठोकाठ नको, सीलबंद असताना दूध जिथवर असतं तिथवर. आधी पाणी उकळून थंड करा, मग पावडर घाला. पावडर घालून पुन्हा उकळायचं नाही. अख्खं पाकीट एकदम, हात धुऊन, स्वच्छ चमच्याने ढवळून. वर साखर, मीठ, लिंबू, दूध काही नाही. झाकून ठेवा, 24 तासांनी उरलेलं फेका.

कृष्णाकाठ (रात्री 9:21)

आशाताईंनी कालवण्याचं सगळं सांगितलं, मी त्यात भर घालत नाही.

खडीसाखर, डोळे खोल आणि वाटी सोडत नाही, या दोन खुणा झाल्या. आता तिसरी बघा. बाळाला पाठीवर निजवा. बेंबी आणि कूस यांच्या मधोमध पोटाची कातडी अंगठा आणि पहिल्या बोटात उभी उचला, क्षणभर धरा आणि सोडा. बोटांची टोकं वापरायची, नखं नाहीत. चांगल्या बाळाची कातडी सोडल्याबरोबर सपाट होते, घडी डोळ्याला दिसतच नाही. घडी क्षणभर जरी उभी राहिलेली दिसली तर पाणी कमी झालंय. दोन सेकंद किंवा जास्त राहिली तर प्रकरण गंभीर.

तिसरी खूण दिसो वा न दिसो, आज रात्रीच निघा. दोन खुणा दिसल्या की बाळाला दवाखान्याच्या नजरेखाली ठेवायचं असतं. पण रिकाम्या हाताने निघू नका. नीट कालवलेलं ओआरएस बाटलीत घ्या आणि वाटेत गाडीवर मागे बसून वहिनी चमचा-चमचा देत राहू दे. आईचं दूध चालू असेल तर तेही.

आणि आता सांगतो त्यातलं एक जरी दिसलं तर चमच्याच्या भानगडीत न पडता थेट मोठ्या दवाखान्यात: बाळ हाक मारून, हलवूनही नीट जागं होत नाही, किंवा आधी झडप घालत होतं ते आता पाणी गिळतच नाही. तहानलेलं बाळ शांत झालं म्हणजे बरं वाटलं असं समजू नका.

खडीसाखर (रात्री 9:29)

घडी दिसतेय, पण लगेच जाते, दोन सेकंद नाही. पाणी उकळून पातेलं गार पाण्यात ठेवलंय, बाटली धुतली. निघतोय. आल्यावर लिहितो.

पुणेरी_काका (रात्री 9:40)

इथे विचारतो म्हणून रागावू नका. मला ब्लडप्रेशर आहे, उन्हात फिरून आलो की मी रोज एक ओआरएसचं पाकीट पितो. अशक्तपणा जातो. यात मीठ आहे म्हणता, मग मी बंद करू का?

मिरची_भजी (रात्री 9:43)

काका, धागा लहान मुलाचा आहे.

कृष्णाकाठ (रात्री 9:52)

काका, जुलाब-उलटी नसताना रोज ओआरएस हे तुमच्यासाठी मिठाचं पाणीच. बंद करा आणि तुमच्या डॉक्टरांना विचारा. उन्हातून आल्यावर साधं पाणी प्या, जेवण जेवा.

मिरची_भजी, ग्लुकोज पावडर तीच गोष्ट नाही. तुम्ही अर्धं बरोबर आहात, साखर लागतेच, पण ताकदीसाठी नाही. जुलाबात आतड्याची मीठ ओढून घेण्याची नेहमीची वाट बिघडते. एक वाट मात्र बहुतेक शाबूत राहते, तिच्यातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी. म्हणून दोघांचं माप जुळवलेलं असतं. नुसती साखर दिली, मीठ नाही, तर ही जोडी जमत नाही. साखर फार झाली तर ती आतड्यातच राहते आणि अंगातलं पाणी उलट आतड्यात खेचते. जुलाब वाढतात. पूर्वीच्या ओआरएसमध्ये सोडियम 90 आणि ग्लुकोज 111 असं प्रमाण होतं, 2002 नंतर दोन्ही 75 वर आणलं. त्या बदलाने शी थोडी कमी झाली आणि सलाईन लावायची वेळ कमी मुलांवर आली. आता पाकिटावर दिसतं ते हेच.

संत्र्याच्या चवीच्या तयार डब्यांचंही तेच. त्यांत साखर ओआरएसच्या कितीतरी पट असायची आणि वर नाव ओआरएसचं. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षं याविरुद्ध बोलत होत्या. अखेर ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला बंदी केली. मेडिकलवाल्याकडे गेलात तर डबा न बघता पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का ते बघा.

मिरची_भजी (रात्री 10:01)

बरं, डबा सोडला. पण आमच्या लहानपणी पाकिटं कुठे होती? आई साखर-मीठ-पाणी द्यायची आणि आम्ही जगलो. त्याला तरी मान्यता आहे की नाही?

आशा_सुपली (रात्री 10:10)

आहे. पाकीट हाताशी नसेल तेव्हा लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सुरीने वरून कापलेला. मी बायकांना सांगते, पाजायच्या आधी स्वतः चव घ्या, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओता आणि पुन्हा करा. चिमूट कुणाची केवढी याचा नेम नाही म्हणून मी चिमटीने शिकवत नाही.

कृष्णाकाठ (रात्री 10:24)

चिमटीनेही शिकवता येतं, पण मेहनत घेऊन. बांगलादेशात ब्रॅक संस्थेने 1980 पासून दहा वर्षं घरोघरी जाऊन तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी असं शिकवलं. फक्त सांगून थांबले नाहीत. नंतर दुसरा माणूस जाऊन बाईला कालवायला लावायचा, नमुने तपासायचे आणि त्यावर शिकवणाऱ्या कार्यकर्तीचा पगार ठरायचा.

घरच्या मिश्रणात एक उणीव राहतेच, पोटॅशियम नसतं. त्यामुळे पाकीट मिळेपर्यंतचा तो उपाय. केळं, शहाळ्याचं पाणी, मीठ घातलेली तांदळाची पेज, वरणाचं पाणी, पातळ ताक हे जोडीला द्या. पेज तर मला फार आवडते, कारण बाळ ती जेवण म्हणूनही घेतं.

अवांतर: हे सगळं पाकीट-प्रकरण ज्यांच्यामुळे डॉक्टरांना पटलं ते दिलीप महालनाबिस. 1971 साली बांगलादेशातून निर्वासित आले, बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आली. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पिशव्यांत भरून दिला आणि नातेवाईकांच्याच हातून पाजायला लावला. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास आलं, आधी तीसच्या घरात होतं. 2023 मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाला.

ऱ्हाईनकाठची_रमा (रात्री 10:37)

जर्मनीतून. इकडे औषधाच्या दुकानात मिळणारी पाकिटं 200 मिलीचीच असतात. सासूबाई भारतातून येताना लिटरची घेऊन आल्या, दोन्ही एकाच डब्यात ठेवली होती. आता मी मोठ्या पाकिटांवर मार्करने "बाटली" लिहून ठेवलंय.

एक विचारते. लिटरभर कालवून माझं बाळ दिवसात जेमतेम 300 मिली पितं, बाकी फेकावं लागतं. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये का नाही?

कृष्णाकाठ (रात्री 10:45)

पाकिटात साखर आणि क्षार एकसारखे मिसळलेले राहतील याची खात्री नसते. हलताना क्षार एका कोपऱ्यात, साखर दुसऱ्या. वरचं अर्धं आणि खालचं अर्धं सारखं निघेलच असं नाही. शिवाय उघडलेलं पाकीट दमट हवेत पाणी धरतं. फेकावं लागलं तरी फेका, किंवा तुमच्याकडची 200 मिलीची वापरा.

गणितज्ञ_बाबू (रात्री 10:51)

सर, मी पाकीट आधी कोरड्या बरणीत नीट घुसळून, छोट्या काट्यावर 4.1 ग्रॅम तोलून 200 मिलीत घालतो. अचूक होतं. यात चूक काय?

कृष्णाकाठ (रात्री 11:02)

तुमच्या हातून कदाचित बरोबर होत असेल. पण रात्री दोनला, रडणारं बाळ कडेवर, काट्याचा सेल संपलेला, अशा माणसाला मी हे कधीच सांगणार नाही.

गणितज्ञ_बाबू (रात्री 11:04)

म्हणजे तत्त्वतः चूक नाही. :-)

खडीसाखर (रविवार, सकाळी 7:35)

परत आलो. सगळ्यांचे आभार. ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीच्या डॉक्टरांनी तपासलं, वजन केलं. सलाईन लावलं नाही. सिस्टरनी 9 किलोला किलोमागे 75 मिली असा हिशोब करून चार तासांत 675 मिली ओआरएस द्यायचं ठरवलं. तिथल्या खाटेवर बसवून वहिनीच्याच हातात वाटी-चमचा दिला, बाटलीला मुद्दाम हात लावू दिला नाही. पाच मिलीचा चमचा, साधारण पावणेदोन मिनिटाला एक. घड्याळ समोर. मध्ये एकदा भळकन उलटी झाली तेव्हा दहा मिनिटं थांबायला लावलं, मग तोच चमचा जरा सावकाश. वहिनीला वाटलं होतं सगळं वाया गेलं. सिस्टर म्हणाल्या, उलटीत दिसतं त्यापेक्षा पुष्कळ पोटात राहतं.

लघवीसाठी लंगोटात पुढच्या बाजूला कापसाचा बोळा ठेवला. तो अडीच वाजता नुसत्या लघवीने भिजला. मग पुन्हा पोटाची घडी करून बघितली, लगेच गेली. डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे पोरीच्या. पहाटे घरी सोडलं. झिंकच्या 20 मिलीग्रॅमच्या 14 गोळ्या दिल्या, रोज एक, चमचाभर पाण्यात विरघळवून, जुलाब थांबले तरी चौदाही दिवस.

पण जुलाब चालूच आहेत! घरी आल्यापासून दोन झाले. आजी म्हणते, रात्रभर पाजून उपयोग काय झाला? दूध बंद करा आणि जुलाब थांबायची गोळी आणा.

आशा_सुपली (सकाळी 7:52)

याच ठिकाणी बहुतेक घरं ओआरएस सोडतात. आजींना सांगा, ओआरएस जुलाब थांबवायला नसतंच. गेलेलं पाणी भरायला असतं. जुलाब पाच-सात दिवस चालू शकतात, फार तर दोन आठवड्यांत आपोआप थांबतात. तोवर दर शीमागे पाव ते अर्धा पेला, म्हणजे 50 ते 100 मिली. दोन वर्षांपुढच्या मुलाला अर्धा ते एक पेला. दूध बंद करायचं नाही, अंगावरचं तर मुळीच नाही. मऊ भात, वरण, वर तुपाची धार, थोडं-थोडं पण सारखं.

कृष्णाकाठ (सकाळी 8:20)

मोठ्या माणसांची जुलाब थांबवायची गोळी एवढ्या बाळाला देऊ नका. आतड्याची हालचाल मंदावते, पोट फुगू शकतं, आणि पाणी आत साठून राहतं ते दिसतही नाही.

परत कधी जायचं तेही लिहून ठेवा: शीत रक्त, ताप चढला, पोटात काही ठरतच नाही, पुन्हा डोळे खोल आणि तीच तहान, सहा-आठ तास लघवी नाही. दोन महिन्यांखालच्या बाळाला जुलाब झाले तर या कशाचीच वाट बघायची नसते, थेट दवाखाना.

आणखी एक. पोटाच्या घडीवर प्रत्येक बाळात सारखा विश्वास ठेवू नका. गुटगुटीत बाळाची कातडी चरबीमुळे पटकन सपाट होते, पाणी कमी असलं तरी. अगदी सुकलेल्या, कुपोषित बाळाची घडी पाणी पुरेसं असतानाही रेंगाळते. आणि तुमच्या पेल्यासारखं खारट पाणी भरपूर गेलेलं बाळ असेल तर कातडी कणकेसारखी लागते, घडी फसवी असते. म्हणून दवाखान्यात गेल्यावर पाकीट किती पाण्यात कालवलं होतं हे न लाजता सांगायचं.

खडीसाखर (सकाळी 8:41)

सांगितलं होतं. सिस्टरनी आजीला फोनवर घेतलं आणि काय बोलल्या कोण जाणे, आजी आता लिटरची बाटली उशाशी घेऊन बसलीय, कुणाला हात लावू देत नाही. मात्र दात येताहेत म्हणूनच जुलाब झाले यावर ती ठाम आहे.

पुणेरी_काका (सकाळी 9:15)

दातांनी होतातच जुलाब. आमच्या दोन्ही मुलांना झाले होते.

कृष्णाकाठ (सकाळी 9:30)

काका, त्या वयात बाळ हाताला येईल ते तोंडात घालतं आणि रांगतं, त्यातून पोट बिघडतं. दात त्याच सुमाराला येतात म्हणून नाव दातांवर. पण कारण काहीही माना, पाणी भरायचं ते तितकंच.

ऱ्हाईनकाठची_रमा (सकाळी 11:05)

झिंकची गोळी माझं बाळ तोंडात ठेवतच नाही, धातूसारखी चव लागते म्हणे. दुधात दिली तर चालेल?

आशा_सुपली (सकाळी 11:20)

चालेल. अंगावरचं दूध काढून चमचाभर घ्या, त्यात विरघळवा, वाटीभर दुधात नको, नाहीतर अर्धं उरतं. अर्ध्या तासाच्या आत उलटून पडली तर पुन्हा एक द्या.